वाचनाची पाळी जवळ आली की ओम उठतो

वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाला बाहेर उभं करणं ही आपल्या शाळांमधली सगळ्यात सोयीची शिक्षा. बाईंना पुढचं शिकवता येतं, बाकीच्यांना ऐकू येतं, आणि त्या मुलाला चांगली अद्दल घडली असं सगळे धरून चालतात. पण समजा, त्याला वर्गातून बाहेरच पडायचं होतं, तर? मग ती शिक्षा उरत नाही. त्याला हवं होतं ते मिळालं, आणि कसं मिळवायचं हेही कळलं. उद्या तो तेच करणार आणि बाई त्याला पुन्हा बाहेर काढणार. मुलगा सुधारत का नाही, याचं आश्चर्य मात्र दोन्ही बाजूंना वाटत राहतं.

वारंवार वर्ग मोडणाऱ्या एखाद्या मुलासाठी वर्तन-साहाय्य योजना आखतात, तिची सुरुवात इथून होते. मूल वाईट आहे की चांगलं, हा प्रश्न ती बाजूला ठेवते आणि त्या वागण्यातून मुलाला काय मिळतं, एवढंच विचारते. वर्गातल्या बहुतेक गोंधळाला दोन उत्तरं पुरतात: एक तर कुणाचं तरी लक्ष मिळतं, नाही तर नकोसं काम टळतं. क्वचित एखादी वस्तू हवी असते, कधी नुसती हालचालच शरीराला बरी वाटते. यापैकी नेमकं कोणतं, हे ओळखण्यात चूक झाली तर पुढची योजना कितीही मेहनतीने राबवली तरी फसते.

उदाहरणासाठी एक मुलगा घेऊ. तो कुणी एक खरा मुलगा नाही, अशा अनेक मुलांवरून उभा केलेला आहे. नाव ओम, इयत्ता पाचवी, तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा, वर्गात ४२ मुलं. शिक्षकांच्या खोलीत त्याच्याबद्दल तीन वाक्यं ठरलेली आहेत: लक्ष नाही, इतरांना त्रास देतो, घरून लाडावलेला आहे. आईचं म्हणणं वेगळं. "बाई, घरी तर तो असं करत नाही हो. गोठ्यातलं सगळं तोच बघतो." यात दोघीही खरं बोलत असतात. ज्या प्रसंगाने वर्गात ठिणगी पडते, तो प्रसंग घरी येतच नाही.

बाईंना पहिल्यांदा एक कंटाळवाणं काम करावं लागतं: 'दंगा' हा शब्द वहीतून काढून टाकणं. दंगा मोजता येत नाही. सोमवारी बाईंची तब्येत बरी नसेल तर साधी कुजबुजही दंगा वाटते आणि मंगळवारी बाक वाजवला तरी चालून जातं. म्हणून ओमच्या बाबतीत तीनच गोष्टी ठरल्या. परवानगीशिवाय जागा सोडणं, शेजाऱ्याची वस्तू ओढणं, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज काढणं. अशी व्याख्या जमली की नाही हे पाहायला दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला एक तास मागे बसवायचं. दोघांनी वेगवेगळी मोजणी करावी. एकाचे चार आणि दुसऱ्याचे नऊ आले तर व्याख्या ढिली आहे, मुलाबद्दल अजून काहीच कळलेलं नाही.

मग एका वहीत तीन रकाने. आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. सोबत वेळ आणि विषय. शिकवता शिकवता हे लिहायचं म्हणजे कसरतच, त्यामुळे पूर्ण वाक्यं लिहू नयेत. 'मरा. वाचन, तिसरी पाळी त्याची, बाक वाजवला, बाहेर पाठवलं' एवढं पुरतं. बहुतेक जण मधला रकाना सविस्तर लिहितात, कारण राग तिथेच साठलेला असतो. खरी माहिती मात्र पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात असते.

सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत ओमच्या नोंदी झाल्या ६, ८, ५, ९ आणि ७. एकूण ३५, म्हणजे दिवसाला सरासरी सात. वही उघडल्यावर पहिली नजर वेळेवर गेली. बहुतेक नोंदी दुपारच्या. लगेच सगळ्यांचं एकमत झालं की खिचडीनंतर मुलं सुस्तावतात, पत्रा तापतो, त्यात हा आधीच चंचल. उपाय काय, तर दुपारी त्याला पुढच्या बाकावर घ्या.

इथेच थोडं थांबायला हवं. बुधवारी वेळापत्रकात अदलाबदल होऊन मराठीचा तास सकाळी आला होता, आणि त्या दिवशी ओमचा गोंधळही सकाळी सरकला होता. दुपारी तोंडी पाढे झाले तेव्हा मात्र तोच सर्वांत पुढे. म्हणजे दोष ना उन्हाचा, ना खिचडीचा. नोंदी पुन्हा लावल्या तेव्हा ३५ पैकी २६ प्रसंग मोठ्याने वाचनाच्या वेळचे निघाले आणि पाच गणितातल्या शाब्दिक उदाहरणांच्या वेळचे. त्या २६ मधले १९ तर त्याची पाळी एक-दोन-तीन मुलांवर आलेली असतानाचे. बाई बाकांच्या क्रमाने वाचायला लावत होत्या, त्यामुळे पाळी कधी येणार हे ओमला नेमकं मोजता येत होतं. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शेवट होता: बाहेर पाठवलं, किंवा रागावून पुढच्या मुलाला वाचायला सांगितलं. पाळी टळली.

हा अजून अंदाजच होता. तो पडताळून पाहायचा सोपा मार्ग म्हणजे एकच गोष्ट बदलून बघणं. पुढच्या आठवड्यात सोमवारी आणि बुधवारी सगळं नेहमीसारखं ठेवलं. मंगळवारी आणि गुरुवारी ओमला कोणत्या चार ओळी वाचाव्या लागणार, हे आदल्या दिवशीच सांगून त्या त्याच्याकडून एकदा वाचून घेतल्या. नेहमीच्या दिवशी नोंदी आल्या ७ आणि ८, बदललेल्या दिवशी ३ आणि २. चार दिवसांनी शास्त्रीय सिद्धता होत नाही, पण शिक्षकाला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते यातून कळतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी त्याला एकटं बसवून दुसरीचं पुस्तक वाचायला दिलं. साधे शब्द जमले, जोडाक्षरं आली की अडखळला. पहिलं अक्षर पाहून उरलेला शब्द तो मनाने ठोकून देत होता. 'प्रवास' चा 'प्रकाश' झाला आणि वाक्याचा अर्थ लागला नाही तरी तो पुढे गेला. चार वर्षं हा मुलगा आपलं वाचन न येणं लपवत आला होता, तेही उत्तम. 'दंगेखोर' हे नाव त्याला 'ढ' पेक्षा परवडत होतं.

निमित्त दोन प्रकारचं असतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं. एक जवळचं, म्हणजे गोंधळाच्या अगदी आधी घडणारं. ओमच्या बाबतीत पाळी जवळ येणं. दुसरं लांबचं. रात्री लग्नाची वरात पाहून बारा वाजता झोपलेला असणं, सकाळी उपाशी येणं, वडिलांचा मार खाऊन येणं. लांबचं निमित्त एकट्याने गोंधळ घडवत नाही. ते जवळच्या निमित्ताची धार वाढवतं. नीट झोपलेला ओम पाळी दोन मुलांवर येईपर्यंत दम धरतो, न झोपलेला धडा उघडतानाच सुरू होतो. म्हणून वहीच्या कोपऱ्यात 'झोप' आणि 'खाल्लं का' एवढी खूण करून ठेवलेली बरी. त्याच सुमारास डोळे आणि कानही तपासून घ्यावेत. फळा दिसत नाही म्हणून उठून पुढे येणारी मुलं वर्षानुवर्षं उनाड ठरतात.

पर्यायी वर्तन हा योजनेचा गाभा. ते समजायला १९८५ सालचा एक अमेरिकी अभ्यास उपयोगी पडतो. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोघांनी विकासात अडथळे असलेल्या चार मुलांवर काम केलं. काही मुलांचा त्रास काम कठीण झालं की वाढायचा, काहींचा मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. काम कठीण पडणाऱ्याला मदत मागण्यासाठी 'मला समजत नाहीये' असं म्हणायला शिकवलं, आणि लक्ष हवं असणाऱ्याला 'मी चांगलं करतोय ना?' असं विचारायला. योग्य मुलाला योग्य वाक्य मिळालं तेव्हा त्रास झपाट्याने उतरला. गरजेशी न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा तो उतरला नाही. नुसतं 'नीट बोलायला शिकवा' एवढं पुरत नाही, असा याचा अर्थ. नवं वागणं जुन्या वागण्याचंच काम करणारं हवं.

ओमला पाळी टाळायची आहे. मग त्याला पाळी टाळण्याचा सभ्य मार्ग द्यायचा. वहीच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा, एका बाजूला 'नंतर' आणि दुसऱ्या बाजूला 'मदत' लिहिलेला. 'नंतर' वर करून बाकाच्या कोपऱ्यावर ठेवला की बाई काही न बोलता पुढच्या मुलाकडे जाणार. 'मदत' ठेवला की जवळ येऊन पहिला शब्द सांगणार. वर्गात कुणाला कारण कळायची गरज नाही.

हे ऐकल्यावर शिक्षक हमखास म्हणतात, "हे तर लाड झाले! वाचन टाळायला आपणच परवानगी द्यायची?" आक्षेप रास्त आहे. पण वाचन तो आजही टाळतोच आहे, रोज सात वेळा, आणि प्रत्येक वेळी ४१ मुलांचा तास मोडून. पुठ्ठ्याने टाळलं तर निदान वर्ग चालू राहतो आणि ओमही वर्गातच राहतो. शिवाय ही फक्त पहिली पायरी. त्याने चार ओळी वाचाव्यात हेच ध्येय, पण तिथपर्यंतचं वाचन त्याच्याकडे आज नाही. मधल्या काळासाठी त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, नाही तर तो जुनंच हत्यार उचलतो.

नवा मार्ग जुन्यापेक्षा सोपा असावा लागतो, आणि नेमकं इथेच बहुतेक योजना कोसळतात. बाक वाजवला की तीन सेकंदांत प्रतिसाद मिळतो, न चुकता. पुठ्ठा ठेवल्यावर बाईंचं अर्धा मिनिट लक्षच गेलं नाही, किंवा 'आत्ता नाही, वाच आधी' असं एकदा जरी झालं, तरी मुलगा हिशेब करून मोकळा होतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे पुठ्ठा दिसला की दर वेळी आणि ताबडतोब मान्य करायचा. तो वापरायचा कसा, हे आधी शांत वेळी शिकवायचं. वर्ग रिकामा असताना बाई वाचनाचं नाटक करतात, ओम पुठ्ठा ठेवतो, बाई पुढे जातात, असं पाच-सहा वेळा. भर वर्गात, राग चढलेला असताना, कुणीही नवीन काही शिकत नाही.

सोबत बाईंकडून दोन बदल. पाळी बाकांच्या क्रमाने न घेता मधूनच कुणालाही विचारायचं, पण ओमला मात्र ठरलेल्या चार ओळींखेरीज काही वाचायला लावायचं नाही. आणि रोज परिपाठाच्या आधी दहा मिनिटं त्या चार ओळी त्याच्याकडून तीनदा वाचून घ्यायच्या. पहिल्या वाचनात बाई सोबत वाचतात, दुसऱ्यात अडलेला शब्द सांगतात, तिसऱ्यात ऐकतात. योजनेतलं सगळ्यात महाग कलम हेच, कारण वेळ शिक्षकाच्या खिशातून जातो. ते गाळलं तर पुठ्ठा कायमचा पुठ्ठाच राहतो.

एवढं करूनही गोंधळ होणारच. तेव्हा काय करायचं, हेही आधी लिहून ठेवलेलं बरं, कारण त्या क्षणी सुचत नाही. आवाज खाली ठेवून, भाषण न देता, पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचं. त्याने तो ठेवला की पाळी टळते. नाही ठेवला तर काम लहान करून द्यायचं, 'पहिला शब्द माझ्याबरोबर वाच,' पण काम पूर्ण सोडायचं नाही आणि बाहेरही पाठवायचं नाही. कुणाला मारलं, काही फेकलं, तर अर्थातच आधी मुलांना सुरक्षित करायचं, मग योजना. छडी हा पर्याय योजनेत नाही, कायद्यातही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. सगळ्या वर्गासमोर 'दुसरीचं पुस्तक वाच' म्हणणं हा मानसिक छळच, मग ते कितीही हसत म्हटलेलं असो.

रोजच्या नोंदीसाठी पोस्टकार्डाएवढं कार्ड पुरतं. दिवसाचे पाच भाग, आणि प्रत्येक भागात तीन अपेक्षा: जागेवर राहिलो, वस्तू आपल्याच हाताळल्या, अडलं तेव्हा पुठ्ठा वापरला किंवा विचारलं. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. एकूण ३०. सकाळी ओम कार्ड घ्यायला येतो, तेव्हा एक मिनिट बोलणं: झोप झाली का, आजच्या ओळी कोणत्या. प्रत्येक भाग संपताच गुण लिहायचे आणि कारण एका वाक्यात सांगायचं. "दोन, कारण तू उठायच्या आधी पुठ्ठा ठेवलास." दिवसाच्या शेवटी आठवून भरलेल्या कार्डाला काही किंमत नाही, त्यात शेवटच्या तासाचा मूड उतरतो. अपेक्षाही काय करायचं ते सांगणाऱ्या हव्यात. 'गडबड केली नाही' असं लिहिलं की झोपलेल्या मुलालाही पूर्ण गुण द्यावे लागतात.

अमेरिकेतल्या शाळांत ही सकाळ-संध्याकाळ भेटीची पद्धत बरीच रुळलेली आहे, आणि तिथे साधारण ८० टक्के गुण हे उद्दिष्ट धरतात. ३० पैकी २४. पण पहिल्याच दिवशी हे लक्ष्य ठेवलं तर ओम रोज नापास. योजना सुरू होण्याआधी आठवडाभर गुपचूप गुण लिहून पाहिले तेव्हा सरासरी १४ आली. मग पहिलं लक्ष्य १६. पाचपैकी चार दिवस ते गाठलं की १८, मग २०. लक्ष्य गाठल्याच्या दिवशी काय मिळेल हे त्यानेच निवडलं: शेवटची दहा मिनिटं कबड्डीच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखायला सरांना मदत. खर्च शून्य. आपण सुचवलेल्या रंगपेटीत त्याला काडीचा रस नव्हता.

अशा कार्डाची एक मर्यादा मात्र आहे. ज्याला मोठ्यांचं लक्ष हवं असतं त्याला दिवसातून सहा-सात वेळा ते मिळतं, म्हणून त्याला कार्डाचा चांगला गुण येतो. काम टाळणाऱ्या मुलावर नुसत्या कार्डाचा परिणाम तितका होत नाही, कारण गुणांनी वाचन सोपं होत नाही. ओमसाठी कार्ड हे मोजण्याचं साधन. बदल घडवायचं काम पुठ्ठा आणि सकाळची दहा मिनिटं करतात. शाळेने सगळ्यांना एकच कार्ड छापून वाटलं आणि निम्म्यांवर चाललं नाही, असं दिसलं तर कारण बहुधा हेच.

कार्ड घरी पाठवायचं का? पाठवावं, पण विचार करून. ओमचे वडील गुण पाहून हात उगारतील अशी शंका असेल, तर आकड्यांचं कार्ड शाळेतच ठेवायचं आणि घरी फक्त एक चिठ्ठी: 'आज लक्ष्य गाठलं' किंवा 'उद्या पुन्हा प्रयत्न'. पालकांना बोलावून आधीच सांगायचं, की शाळेतली चूक शाळेत मिटली, घरी तिची पुन्हा शिक्षा नको; चांगल्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर बोला. आई म्हणते, "एवढंच ना? ते करीन मी." आईला पुठ्ठाही दाखवून ठेवावा. आणि हो, हे सगळं कागद शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर लावायचे नाहीत. मुलाच्या अडचणी हा चहासोबतचा विषय होऊ नये, इतकं तरी आपण पाळू शकतो.

आता आकडे काय सांगतात ते पाहू. चौकटीच्या कागदावर आडवे दिवस, उभे प्रसंग, आणि योजना सुरू झाली त्या दिवशी एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे दिवसाला सरासरी सात. उजवीकडे पहिल्या आठवड्यात नऊ! इथे निम्म्या शाळा योजना गुंडाळतात. वास्तविक हे अपेक्षितच. इतके दिवस चालणारा उपाय एकाएकी चालेनासा झाला की माणूस आधी तो जोरात करून बघतो, आणि बाहेर पाठवणं बंद झालं तेव्हा ओमने तेच केलं. ही तात्पुरती उसळी आहे की योजनाच चुकली आहे, हे ओळखायचं कसं? उसळी त्याच जुन्या प्रसंगी येते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उतरू लागते. गोंधळ नव्या विषयांत पसरला, किंवा तीन आठवडे उलटले तरी आकडा चढाच राहिला, तर वही पुन्हा उघडून कारण नव्याने शोधायला हवं.

दुसरी रेघ पुठ्ठ्याच्या वापराची, आणि ती अधिक बोलकी. पहिल्या आठवड्यात ओमने तो दिवसाला जेमतेम एकदा वापरला, दुसऱ्यात पाच वेळा. त्याच आठवड्यात गोंधळ नऊवरून सहावर आला, तिसऱ्यात तीनवर. एक रेघ चढते तेव्हा दुसरी उतरते, म्हणजे पर्याय खरोखर जुन्याची जागा घेतो आहे. पुठ्ठा कोराच राहिला आणि गोंधळ कमी झाला, तर कारण दुसरंच काहीतरी असतं; कदाचित त्या आठवड्यात वाचनच झालं नसेल. आणि पुठ्ठा दिवसाला नऊ-दहा वेळा येऊ लागला, तर दिलेलं काम अजूनही त्याच्या आवाक्याबाहेर आहे. मग चारच्या दोन ओळी कराव्यात.

चौथ्या आठवड्यात आकडा पुन्हा चारवर गेला. कार्ड उलटून पाहिल्यावर कारण सापडलं. कार्डाच्या मागे बाईंनी स्वतःसाठी तीन खुणा ठेवल्या होत्या: ओळी आधी वाचून घेतल्या का, पुठ्ठा लगेच मान्य केला का, बाहेर न पाठवता काम लहान केलं का. त्या आठवड्यात दोन दिवस बाई निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या आणि बदली शिक्षकांना काहीच माहीत नव्हतं. त्या दोन दिवसांच्या खुणा रिकाम्या होत्या आणि सारे वाढीव प्रसंगही त्याच दोन दिवसांतले. मुलाच्या बाजूचे आकडे सगळेच लिहितात. आपल्या बाजूचे लिहिले नाहीत, तर न राबवलेली योजना 'फसलेली' ठरते आणि खापर पुन्हा मुलावर फुटतं. त्यानंतर योजनेचं अर्ध्या पानाचं टिपण हजेरीपटात ठेवलं गेलं, बदलीवर येणाऱ्या कुणाच्याही हाताशी.

गोंधळ सलग दोन आठवडे तीनच्या खाली राहिला की पुठ्ठ्याला मर्यादा घालायची. दिवसाला तीन 'नंतर', मग दोन. 'मदत' मात्र अमर्याद. मदत मागणं कधीच कमी करायचं नाही. ओमने न वापरलेला 'नंतर' शनिवारसाठी शिल्लक ठेवायची कल्पना स्वतःच काढली. बाईंनी ती मान्य केली, आणि मग तो वाचून पुठ्ठे साठवू लागला. त्यानंतर कार्डावरचे गुण तो स्वतः लिहितो, बाई फक्त ताडून पाहतात. दोघांचे आकडे जुळले की बाईंनी लिहिणं थांबवायचं.

या पद्धतीने सगळं सुटत नाही. ४२ मुलांच्या वर्गात एका शिक्षिकेला अशी एकच योजना धड राबवता येते, फार तर दोन. पाच-सहा मुलं एकाच वेळी वर्ग मोडत असतील तर प्रश्न त्या मुलांचा कमी आणि वर्गाच्या घडीचा जास्त असतो. मुलगा एकाएकी बदलला असेल, कालपर्यंत शांत होता आणि या महिन्यात अंगावर धावतो, तर वही बाजूला ठेवून त्याच्या घरात किंवा रस्त्यात काय घडलं हे आधी शोधायला हवं; छळाची शंका आली तर १०९८ हा बालकांसाठीचा मदतक्रमांक चोवीस तास चालू असतो. स्वतःला इजा करणारं, किंवा इतरांना गंभीर मारणारं मूल मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवं. आणि ओमसारखा मुलगा दोन-तीन महिन्यांच्या रोजच्या सरावानंतरही जोडाक्षरांतच अडकत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ त्याची वाट दाखवतात.

ओमची शाळा पाचवीपर्यंतच. जूनमध्ये तो हायस्कुलात जाईल, जिथे प्रत्येक विषयाला वेगळे सर आणि कुणीही त्याला ओळखत नाही. म्हणून एप्रिलमध्ये बाईंनी आईच्या संमतीने एक पान लिहिलं. त्यात जुन्या गोंधळाचा उल्लेख एका ओळीत आहे. उरलेल्या पानावर हे: अनपेक्षितपणे मोठ्याने वाचायला सांगू नये, चार ओळी आदल्या दिवशी द्याव्यात, बाकावर पुठ्ठा दिसला तर तो मान्य करावा, सध्या दिवसाला दोन, पाढे, मोजमाप आणि मैदान आखणं उत्तम येतं. खाली फेब्रुवारी-मार्चचा आलेख चिकटवला आहे, आणि वर्गशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात फोन करावा म्हणून बाईंचा नंबर.